दोन धोक्यांचा गुणाकार

"रोज नाही ओढत मी, फक्त बसलो की दोन-चार होतात." तोंड तपासताना डॉक्टरांनी सिगारेटबद्दल विचारलं की असं उत्तर हमखास येतं. सांगणाऱ्याच्या मनात दोन वेगळी खाती असतात. आठवड्यातून दोनदा घेतलेली दारू यकृताच्या खात्यावर जमा होते आणि तिच्यासोबत ओढलेल्या सिगारेटी फुप्फुसाच्या खात्यावर. दोन्ही खाती आपापल्या परीने फार फुगलेली दिसत नाहीत, म्हणून माणूस निर्धास्त राहतो.

तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र ही दोन खाती वेगळी राहतच नाहीत. धूर आणि दारू शरीरात एकाच दारातून शिरतात, त्याच ओल्या, नाजूक अस्तरावरून खाली उतरतात आणि तिथे एकमेकांचं काम सोपं करतात. त्यामुळे एकाचा धोका अधिक दुसऱ्याचा धोका अशी साधी बेरीज इथे लागू पडत नाही. प्रत्यक्षात जे दिसतं ते गुणाकाराच्या जवळ जातं.

हे पहिल्यांदा आकड्यांत नीट मांडलं ते केनेथ रॉथमन आणि अँड्र्यू केलर या दोन अमेरिकी संशोधकांनी, 1972 साली. माजी सैनिकांच्या रुग्णालयांतले तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे जवळपास पाचशे रुग्ण आणि हा आजार नसलेले साधारण तेवढेच पुरुष त्यांनी तुलनेला घेतले. प्रत्येकाच्या रोजच्या सिगारेटी आणि रोजची दारू यांचा एक तक्ता केला. तक्त्याच्या एका कोपऱ्यात दोन्हींपासून लांब असलेली माणसं होती, तर समोरच्या कोपऱ्यात दोन्ही भरपूर करणारी.

दोन्हींपासून लांब असलेल्यांचा धोका 1 धरला, तर दिवसाला चाळीस किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्या पण दारूला न शिवणाऱ्यांचा धोका 2.43 निघाला. रोज तीसच्या सुमारे चार पेगांइतकी किंवा त्याहून जास्त दारू पिणाऱ्या पण सिगारेट न ओढणाऱ्यांचा 2.33. दोन्ही आकडे अडीचच्या आत. आणि दोन्ही करणाऱ्यांचा? 15.5.

हा आकडा सुटा करून पाहण्यासारखा आहे. मुळातला 1 सगळ्यांनाच आहे. सिगारेटने त्यात 1.43 ची भर घातली, दारूने 1.33 ची. दोघांनी आपापलं काम स्वतंत्रपणे केलं असतं, तर एकूण 3.76 व्हायला हवे होते. प्रत्यक्षात 15.5 झाले. म्हणजे उरलेले पावणेबारा ना एकट्या सिगारेटचे, ना एकट्या दारूचे. ते दोघांच्या संगतीचे आहेत. या माणसांच्या एकूण धोक्यातला तीनचतुर्थांश वाटा निव्वळ या संगतीतून आला.

पुढे 1988 मध्ये अमेरिकेतल्याच चार भागांमध्ये याहून मोठा अभ्यास झाला. त्यात कर्करोगाचे हजारावर रुग्ण होते. दिवसाला दोन किंवा जास्त पाकिटं आणि चारपेक्षा जास्त ड्रिंक घेणाऱ्यांचा धोका दोन्ही न करणाऱ्यांच्या 35 पटींहून जास्त आढळला. 15 आणि 35 यांत फरक मोठा आहे, पण त्याचं फार आश्चर्य वाटायला नको. भरपूर ओढणारा आणि तरीही आयुष्यात दारू न घेतलेला माणूस कुठल्याही अभ्यासात मोजकाच सापडतो, त्यामुळे तक्त्याच्या कडेचे आकडे थोडक्या माणसांवर उभे असतात. शिवाय किती प्यायलो, किती ओढलं हे लोक आठवणीने सांगतात आणि बहुतेकदा कमीच सांगतात. म्हणून नेमका पट अभ्यासागणिक बदलतो. न बदलणारी गोष्ट एकच: दोन्ही करणाऱ्यांचा आकडा दोन सुट्या आकड्यांच्या बेरजेपेक्षा खूप वर असतो.

दारूचा वाटा लोकांच्या लक्षात का येत नाही, याचं उत्तर 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात मिळतं. युरोप, उत्तर अमेरिका आणि लॅटिन अमेरिकेतले 17 अभ्यास त्यात एकत्र केले होते आणि रुग्णांची संख्या अकरा हजारांवर होती. डोकं आणि मानेच्या भागातल्या कर्करोगांपैकी 72 टक्के तंबाखू किंवा दारूच्या माथ्यावर जात होते. त्यांतले 33 टक्के एकट्या तंबाखूचे, 35 टक्के दोन्हींच्या जोडीचे आणि एकट्या दारूचे फक्त 4. केवळ शेवटचा आकडा पाहिला, तर दारू जवळजवळ निर्दोष वाटते. ती आपलं बहुतेक नुकसान तंबाखूला सोबत घेऊन करते.

अस्तरावर काय घडतं

तोंडाच्या आतली त्वचा सगळीकडे सारखी नसते. हिरड्या आणि टाळूचा पुढचा कडक भाग यांच्यावर चिवट, कडक थर असतो, कारण तिथे अन्न घासलं जातं. जिभेखालची जागा, जिभेच्या कडा, टाळूचा मागचा मऊ भाग आणि घशाची आतली बाजू इथे तो थर नसतो. हे अस्तर पातळ आणि ओलं असतं. त्यातल्या पेशींच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी बुजवलेल्या असतात आणि बाहेरचे पदार्थ आत झिरपू न देण्याचं काम मुख्यतः हे स्निग्ध पदार्थच करतात.

अल्कोहोल नेमकं त्यांनाच सैल करतं. सिगारेटच्या धुरात कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेली अनेक रसायनं असतात. त्यांतली नायट्रोसामाइन्स ही खास तंबाखूची देणगी. 1986 मध्ये आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत डुकराच्या तोंडातलं अस्तर घेऊन त्याच्या एका बाजूला असंच एक नायट्रोसामाइन ठेवलं आणि ते पलीकडे किती झिरपतं हे मोजलं. माणसाच्या तोंडाशी जुळणारं अस्तर म्हणून अशा प्रयोगांत डुकराचंच वापरतात. सोबत अल्कोहोल असताना तेच रसायन कितीतरी अधिक प्रमाणात पलीकडे गेलं. एरवी लाळेबरोबर गिळलं गेलं असतं असं रसायन दारूच्या घोटानंतर अस्तराच्या तळाशी, जिथे नव्या पेशी तयार होतात तिथवर पोचतं. कर्करोगाची सुरुवात याच तळाच्या पेशींत होते.

इथवर दारूची भूमिका दार उघडून देणाऱ्याची आहे. पण ती तेवढ्यावर थांबत नाही. शरीरात अल्कोहोलचं विघटन होताना आधी ॲसिटाल्डिहाइड तयार होतं आणि मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट होतं. यातला मधला पदार्थ घातक आहे. तो पेशीच्या डीएनएला चिकटतो, त्याची नक्कल चुकवतो आणि दुरुस्तीतही अडथळा आणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 मध्ये दारूतून येणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणारा हे पक्कं ठरलेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं. यकृताकडे हा पदार्थ झटपट निकालात काढणारी यंत्रणा भरपूर असते. तोंडाकडे ती फारच तोकडी असते. वर तोंडातले जिवाणू आणि बुरशी स्वतःच अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड बनवतात, पण ते पुढे संपवण्यात कमी पडतात. म्हणून पिणाऱ्याच्या रक्तापेक्षा त्याच्या लाळेत ॲसिटाल्डिहाइड कितीतरी जास्त सापडतं.

आता सिगारेट पुन्हा चित्रात येते, दोन वाटांनी. नियमित धूम्रपानाने तोंडातल्या जिवाणूंचं मिश्रणच बदलतं आणि अल्कोहोलपासून जास्त ॲसिटाल्डिहाइड बनवणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. शिवाय सिगारेटच्या धुरात मुळातच ॲसिटाल्डिहाइड असतं आणि प्रत्येक झुरक्याबरोबर ते लाळेत विरघळतं.

फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी हे थेट मोजून पाहिलं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग अगदी लहान होता. सात सिगारेट ओढणारे आणि सहा न ओढणारे स्वयंसेवक त्यात होते. सगळ्यांना वजनाच्या प्रमाणात अल्कोहोल दिलं गेलं, किलोमागे 0.8 ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला हे 56 ग्रॅम होतात, म्हणजे आपल्याकडच्या एका क्वार्टरपेक्षा थोडं कमी. मग लाळेचे नमुने घेत राहिले. सिगारेट ओढणाऱ्यांनी त्या वेळी एकही झुरका घेतला नव्हता, तरी त्यांच्या लाळेला घडलेला ॲसिटाल्डिहाइडचा संपर्क न ओढणाऱ्यांच्या दुप्पट निघाला. हा झाला बदललेल्या जिवाणूंचा परिणाम. पिता पिता सिगारेटही ओढली, तेव्हा तो सातपट झाला.

"फक्त बसलो की ओढतो" म्हणणाऱ्यासाठी या दोन आकड्यांमधलं अंतर महत्त्वाचं आहे. दिवसभरात पाच सिगारेटी ओढणाऱ्यापेक्षा त्याची एकूण संख्या कमी असेलही आणि त्या हिशेबाने त्याचा एकूण धोकाही कमी असू शकतो. पण त्याच्या सगळ्या सिगारेटी अशा वेळी ओढल्या जातात, जेव्हा अस्तर सैल झालेलं असतं आणि लाळेत ॲसिटाल्डिहाइड आधीच चढलेलं असतं. रुग्णांच्या मोठ्या अभ्यासांनी रोजचं एकूण प्रमाण मोजलं, सिगारेट नेमकी कधी पेटवली हे मोजलं नाही. वेळेचा परिणाम काय असतो ते लाळेच्या प्रयोगांतून कळतं आणि तो या माणसाला दिलासा देणारा नाही.

एका क्वार्टरचा हिशेब

व्हिस्की किंवा रमच्या बाटलीवर 42.8 टक्के असं छापलेलं असतं. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये त्या हिशेबाने 77 मिली, म्हणजे सुमारे 61 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. पाणी घाला, सोडा घाला, कोल्ड्रिंक घाला, हे 61 ग्रॅम तेवढेच राहतात. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल संपवतं. रात्री नऊ ते अकरा या वेळात क्वार्टर संपवणाऱ्याच्या रक्तातून अल्कोहोल पूर्ण जायला पहाटेचे तीन ते सहा वाजू शकतात.

या सगळ्या काळात ते लाळेतही असतं. पोटातून रक्तात गेलेलं अल्कोहोल लाळग्रंथींमधून परत तोंडात येतं आणि लाळेतलं त्याचं प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या आसपास राहतं. त्यामुळे शेवटचा घोट घेतल्यावर खळखळून चूळ भरली, बडीशेप खाल्ली, तरी तोंडातलं ॲसिटाल्डिहाइडचं उत्पादन चालूच राहतं. जेवणानंतर कोपऱ्यावरच्या टपरीवर ओढलेली सिगारेटही याच काळात मोडते. त्या रात्री दात न घासता झोपलं की जिवाणूंना आणखी वाव मिळतो. किडलेले, अस्वच्छ दात असलेल्यांच्या लाळेत तेवढ्याच अल्कोहोलपासून सुमारे दुप्पट ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, असं जर्मनी आणि फिनलंडच्या संशोधकांना आढळलं आहे.

बिअरवाल्यांनाही यातून सूट नाही. 650 मिलीच्या साध्या, पाच टक्क्यांच्या बाटलीत 25 ग्रॅमच्या वर अल्कोहोल असतं, तर आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत 41 ग्रॅम. अशा दीड बाटलीत क्वार्टरचा हिशेब पुरा होतो.

वर्षानुवर्षं असं चालत राहिलं की त्याच्या खुणा पेशींच्या आत उमटतात. पी-53 नावाचं एक जनुक पेशीच्या राखणदाराचं काम करतं. डीएनए बिघडला असेल, तर ते पेशीचं विभाजन थांबवतं किंवा ती पेशी मारून टाकतं. 1995 मध्ये डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या 129 रुग्णांच्या गाठींमध्ये हे जनुक तपासलं गेलं. दोन्हींपासून लांब असलेल्यांपैकी 17 टक्क्यांच्या गाठीत ते बिघडलेलं होतं. फक्त सिगारेट ओढणाऱ्यांत 33 टक्के आणि सिगारेट-दारू दोन्ही घेणाऱ्यांत 58 टक्के. आकड्यांच्या तक्त्यात दिसलेली चढण गाठीच्या आतल्या जनुकातही दिसली.

महाराष्ट्रात धुराइतकाच चघळण्याचा प्रश्न

वरचे बहुतेक अभ्यास सिगारेटी ओढणाऱ्या देशांतले आहेत. आपल्याकडे तंबाखू मळून गालात धरली जाते, मावा आणि गुटख्यातून खाल्ली जाते, बिडीतून ओढली जाते. त्यामुळे पाश्चात्त्य रुग्णांत जिभेखाली जास्त दिसणारा कर्करोग आपल्याकडे गालाच्या आत आणि हिरडीच्या खोबणीत, तंबाखूची गोळी जिथे बसते तिथे जास्त दिसतो. दारूचा परिणाम इथे वेगळा होतो का, हा प्रश्न साहजिक होता.

टाटा स्मृती केंद्राच्या संशोधकांनी 2025 च्या अखेरीस याचं उत्तर दिलं. देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांमधले गालाच्या कर्करोगाचे 1,803 पुरुष रुग्ण आणि हा आजार नसलेले 1,903 पुरुष त्यांनी अभ्यासले. दारू पिणाऱ्यांत हा कर्करोग होण्याचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा 68 टक्क्यांनी जास्त आढळला, तर गावठी आणि स्थानिक दारू पिणाऱ्यांत त्याहूनही जास्त. दारू आणि तंबाखू यांच्या एकत्र परिणामाच्या वाट्याला यातले 62 टक्के रुग्ण जातात, असा त्यांचा अंदाज आहे. तंबाखू धुरातून आली किंवा गालातल्या गोळीतून आली, दारू तिला तशीच साथ देते.

कुठे पाहायचं

दोन्ही सवयी असलेल्या माणसाने तोंडातल्या काही जागा महिन्यातून एकदा तरी उजेडात, आरशासमोर पाहायला हव्यात. जीभ टाळूला लावून तिच्या खालची जागा बघावी. जीभ बाहेर काढून रुमालाने धरावी, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ओढून तिच्या मागच्या कडा पाहाव्यात. गाल बोटाने ताणून आतली बाजू आणि शेवटच्या दाढेमागची जागा बघावी. खरवडून न निघणारा पांढरा चट्टा लक्षात घ्यायचा. मखमलीसारखा लाल चट्टा त्याहून जास्त गंभीर मानायचा. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण दुखत नसेल, तरीही दाखवायचा. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी माणूस दवाखान्यात जात नाही, तिथेच वेळ जातो.

घसा आरशात दिसत नाही, त्यामुळे तिथल्या खुणा वेगळ्या असतात. तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, गिळताना अडल्यासारखं वाटणं, मानेत आलेली कडक गाठ आणि कान ठीक असूनही एकाच कानात येणारी कळ. शेवटच्या तक्रारीसाठी कित्येकजण महिनोन्महिने कानात थेंब घालत राहतात. घशाच्या आणि कानाच्या संवेदना काही समान नसांमधून जातात म्हणून ही कळ कानात जाणवते, मूळ दुखणं मात्र घशात असतं. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बीण घालून घसा पाहायला हवा. संशयित जागेचा तुकडा काढून तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नाही.

एक गाठ काढली म्हणजे विषय संपला असंही होत नाही. शिकागोच्या डॅनली स्लॉटर या शल्यविशारदांनी 1953 मध्ये दाखवलं की गाठीच्या आजूबाजूचं, वरून धडधाकट दिसणारं अस्तरही सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेलं असतं. धूर आणि दारू सगळ्याच अस्तरावरून गेलेले असतात. त्यामुळे पहिल्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या रुग्णाला तोंडात, घशात किंवा अन्ननलिकेत अगदी नवा, दुसरा कर्करोग होण्याची भीती पुढची अनेक वर्षं राहते. उपचारांनंतरही दोन्ही सवयी चालू ठेवणाऱ्यांत ती जास्त असते.

आधी काय सोडायचं

तक्त्याच्या गणिताचा एक उपयोग असाही आहे. सर्वांत मोठा वाटा संगतीचा असेल, तर दोन्हींपैकी एक गोष्ट सुटली तरी धोक्याचा मोठा भाग पुढे घटू लागतो. सिगारेट सोडल्यावर हा फायदा तुलनेने लवकर दिसतो. 2010 मध्ये झालेल्या मोठ्या विश्लेषणात सोडून एक ते चार वर्षं झालेल्यांचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळला आणि वीस वर्षांनी तो कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळ आला. दारू सोडल्याचा फायदा त्याच विश्लेषणात स्पष्ट दिसायला वीस वर्षं लागली. यावरून फक्त सिगारेट सोडून दारू चालू ठेवावी असं मात्र निघत नाही. सोडलेली सिगारेट बहुतेकांच्या हातात परत येते ती दोन पेगांनंतरच. सिगारेट सुटायची असेल, तर निदान पहिले काही महिने बैठकाही बंद ठेवाव्या लागतात.

सिगारेट एका दिवसात पूर्ण बंद केली तर चिडचिड होते, झोप उडते, तलफ येते, पण जिवाला अपाय होत नाही. दारूचं तसं नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम तोडली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, झटके येणं, भ्रम होणं असे प्रकार घडू शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडावी. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करत आलं आहे. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइनचा 1800-11-2356 हा क्रमांक आहे, दारूसाठी व्यसनमुक्तीची 14446 ही हेल्पलाइन. दोन्ही फोन मोफत आहेत. डॉक्टर असोत किंवा फोनवरचे समुपदेशक, त्यांना दोन्ही सवयी एकदमच सांगाव्यात आणि रोजचा खरा आकडा सांगावा.